ओल्या घड्याळाचं क्रोनोग्राफ बटण दाबायचं का?

नमस्कार मंडळी! पाऊस लागला की खानापूर, निपाणी, बेळगाव, सगळीकडून मला एकच प्रश्न येतो. "दादा, घड्याळावर शंभर मीटर लिहिलंय की, मग पाण्यात बटण दाबलं तर काय होतंय?" आज तेवढंच बघू.

(घड्याळ कॅमेऱ्याजवळ)

हे बघा. क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळातलंच स्टॉपवॉच. चावीच्या वरचं, दोनच्या आकड्याजवळचं बटण म्हणजे त्याचं चालू-बंद. खालचं, चारजवळचं, काटा शून्यावर आणायला. दाबताना अंगठा घड्याळाच्या डाव्या कडेला टेकवा आणि बोटानं सरळ, एका दमात, 'टक्' होईपर्यंत दाबा. घाबरत अर्धवट दाबलं तर मेकॅनिकल घड्याळात काटा उडी मारतो किंवा अडखळतो. आणि काटा पळत असताना खालचं बटण दाबू नका. आधी थांबवा, मग शून्यावर आणा. 'फ्लायबॅक' जातीचं घड्याळ असेल तर गोष्ट वेगळी, ते त्यासाठीच बनवलेलं असतंय. बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत तेच बटण मधली वेळ धरून ठेवतं, म्हणून आपल्या घड्याळाचं पुस्तक एकदा बघाच.

आता पाणी. बटणाच्या टोपीखाली एक बारीक दांडी असते, ती केसमधून आत जाऊन मशीनला ढकलते. त्या दांडीभोवती रबराची छोटी रिंग, म्हणजे गास्केट. बटण स्थिर असताना ही रिंग दांडीला घट्ट धरून बसते, पाणी बाहेर. दाबलं की दांडी रिंगमधून घसरत आत जाते, सिरिंजच्या दट्ट्यासारखी, आणि तिच्या अंगाला चिकटलेला पाण्याचा पातळ थर सोबत नेऊ शकते. खोल पाण्यात वरून दाबही असतो, त्यामुळे धोका जास्त.

म्हणून मनगटावरून पाणी ठिबकत असताना दाबणं सुरक्षित आहे असं समजू नका. टोपी आणि केसच्या मधल्या फटीत पाणी साचलेलं असतंच. खोली नसली तरी पाणी दांडीपाशीच उभं आहे.

मग त्या शंभर मीटरचं काय? हा आकडा बटण न हलवता केलेल्या दाबाचा आहे. आयएसओ २२८१० या मानकात बटणांची एक चाचणी आहे: घड्याळ १० सेंटीमीटर पाण्यात १० मिनिटं ठेवून चावीवर आणि बटणांवर ५ न्यूटन जोर लावतात, म्हणजे साधारण अर्ध्या किलोच्या वजनाएवढा. पण तो जोर आडवा लावतात, आत दाबत नाहीत. म्हणजे पाण्यात बटण दाबायची हमी या चाचणीतून मिळत नाही. काही घड्याळं अपवाद आहेत. ब्राइटलिंगच्या काही डायव्हर क्रोनोग्राफमध्ये बटणं केसच्या भिंतीतून चुंबकानं काम करतात, तिथं दांडीसाठी भोकच नसतं. कंपनीनं पुस्तकात स्पष्ट लिहिलं असेल तरच पाण्यात दाबा. आणि स्क्रूची बटणं असली तर पाण्याजवळ ती आवळलेलीच असू द्या.

आमच्या पाव्हण्यातल्या एका पोरानं विहिरीत पोहताना वेळ मोजायची सवय लावली होती. शंभर मीटरचं क्रोनोग्राफ, काठावर चालू करायचा, पाण्यातच थांबवायचा. पहिले काही महिने काहीच झालं नाही, आणि फसगत तिथंच होते. नवी रिंग बरंच सोसते. पुढं एकदा थंड पाण्यातून वर आल्यावर काचेच्या आतून दोनच्या आकड्याजवळ धुकं दिसलं, आणि वरचं बटण दाबल्यावर पटकन परत येईना. घड्याळ उघडलं तेव्हा रिंग कडक झालेली आणि बटणाच्या स्प्रिंगला तांबूस गंज चढलेला. साबण, घाम, विहिरीतली माती, सगळं त्या फटीत बसतं आणि दाबागणिक रिंग घासते.

तुमचं एखाद्या वेळी चुकून दाबलं गेलं असेल तर घाबरू नका, नव्या घड्याळाला एका दाबानं बहुधा काही होत नाही. पण पुन्हा दाबू नका. पुसा, वाळू द्या. आतून धुकं दिसलं तर मात्र तांदळाच्या डब्यात घालून बसू नका. चावीही ओढू नका. त्याच दिवशी घड्याळवाल्याकडं न्या, कारण आत गेलेलं पाणी स्टीलला लगेच धरतं.

भिजल्यावर करायचं ते सोपं आहे: झटका, मऊ कापडानं बटणांच्या भोवती पुसा, कोरडं झाल्यावरच दाबा. समुद्रात गेला असाल, तर आधी साध्या पाण्यानं धुवा, बटण न हलवता.

आणि एक गोष्ट. बॅटरी बदलताना बहुतेक ठिकाणी फार तर मागच्या झाकणाची रिंग बदलतात, बटणांच्या रिंगा तशाच राहतात. तेव्हा दुकानात सरळ विचारा: "बटणांच्या रिंगा बदलून, प्रेशर टेस्ट करून देता का?" टेस्टचं मशीन नाही म्हणाले, तर त्यांच्याकडून बॅटरी बदलून घ्या, पण ते घड्याळ घालून विहिरीत उतरू नका.