अजिंक्यताऱ्याच्या कड्यावरून येणारा उशिराचा सिग्नल

(साताऱ्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समजा, पोवई नाक्याजवळ एलटीईचा, म्हणजे ४जी मोबाईलचा टॉवर आहे आणि तुम्ही त्यापासून एक किलोमीटरवर फोन घेऊन उभे आहात. सरळ येणारी लहर एक किलोमीटर चालते. तीच लहर अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर आदळून आली, तर साडेतीन किलोमीटर चालते. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे कड्यावरची लहर सुमारे ८.३ मायक्रोसेकंद उशिरा पोचते.

एलटीईचा टॉवर डेटा अनेक बारीक वारंवारतांवर, म्हणजे सबकॅरियरवर, एकाच वेळी पाठवतो; या पद्धतीला ओएफडीएम म्हणतात. त्यात एका वेळी पाठवलेल्या तुकड्याचा, म्हणजे सिम्बॉलचा, कामाचा भाग ६६.७ मायक्रोसेकंदांचा असतो. त्याच्या शेपटीचा तुकडा कापून पुढे जोडला की झाला सायक्लिक प्रिफिक्स. तिथे नुसती शांतता ठेवली असती तरी मागचा सिम्बॉल पुढच्यात मिसळला नसता. पण उशिरा आलेल्या लहरीचा तुकडा मोजणीच्या चौकटीत अर्धवट राहिला असता आणि शेजारचे सबकॅरियर एकमेकांत मिसळले असते. शेपटी जोडल्यामुळे चौकटीत पूर्ण आवर्तन मिळतं.

एलटीईचा साधा प्रिफिक्स ४.७ मायक्रोसेकंदांचा आहे. आपला उशीर त्याहून ३.६ ने जास्त. मग इंजिनिअर घाईने म्हणतो, विस्तारित प्रिफिक्स लावा, १६.७ चा! पुरेल की. पण अर्ध्या मिलिसेकंदात सातऐवजी सहाच सिम्बॉल बसतात. सातवा हिस्सा गेला, म्हणजे १४ टक्के, आणि तोही सेलमधल्या प्रत्येकाचा. कडा ज्याला दिसतही नाही त्याचासुद्धा.

म्हणून आधी विचारायचं, ती उशिराची लहर आहे किती जोरकस? जास्तीचे ३.६ मायक्रोसेकंद म्हणजे सिम्बॉलचा साधारण साडेपाच टक्के भाग. तेवढ्या भागात मागचा सिम्बॉल शिरतो आणि स्वतःचा तेवढाच भाग गळतो. दोन्ही मिळून त्या लहरीच्या शक्तीचा साधारण दहावा हिस्सा गोंगाट होतो. लहर सरळ सिग्नलच्या शंभराव्या हिस्स्याइतकी असेल, तर गोंगाट हजारावा हिस्सा, म्हणजे ३० डेसिबल खाली. एकाच वेळी जास्त डेटा कोंबणाऱ्या ६४-क्वाम पद्धतीलाही त्याचा त्रास नाही. साधा प्रिफिक्सच ठेवा. लहर चौथ्या हिस्स्याची असेल, तर गोंगाट जेमतेम १६ डेसिबल खाली राहतो, आणि वेगवान ६४-क्वाम कोलमडतं. माझ्या मते प्रिफिक्स शेवटच्या लहरीला मोजून नव्हे, शेवटच्या *जोरकस* लहरीला मोजून निवडावा. लहरींच्या उशिरांचा नुसता सरासरी फैलाव, म्हणजे डिले स्प्रेड, पाहून हे कळत नाही.

सभागृहातून एकाने विचारलं, “सर, प्रत्यक्षात दोष इथंच आहे हे ओळखायचं कसं?”

टॉवरची शक्ती वाढवून बघा. सिग्नल अशक्त असल्यामुळे चुका होत असतील, तर त्या कमी होतील. प्रिफिक्स अपुरा असेल, तर सिग्नलबरोबर त्याचा गोंगाटही तितकाच वाढतो. फोनवर सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसतात, पण वेग एका ठिकाणी येऊन अडतो, पुढे हलतच नाही.