पांढरे ठिपके आणि मुंग्या: गुळाची एक ढेप

मघाशी चिठ्ठी आली आहे : "गुळावर पांढरे डाग पडलेत आणि वर मुंग्याही आहेत, टाकून द्यायचा का?" या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. उत्तरंही वेगळी आहेत, म्हणून आधी डागांचं बघू.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. जानेवारीत गुऱ्हाळावरून पाच किलोची ढेप आणली होती. श्रावणात डबा उघडला तर ढेपेच्या एका अंगाला पांढरे ठिपके दिसले आणि तळाशी चिकट ओल होती. बायको म्हणाली, बुरशी आहे. मला वाटलं, साखर आहे. गंमत म्हणजे दोघांचंही खरं निघालं.

गुळात नुसती ऊससाखर नसते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात आणि त्यांना पाण्याची फार ओढ. पावसाळी हवेत ते ओल खेचतात, ढेपेला घाम फुटतो, पृष्ठभागावर पाकाचा पातळ थर येतो. पुढे दोन-चार दिवस ऊन पडलं किंवा डबा शेगडीजवळ राहिला की त्या थरातलं पाणी उडतं आणि ऊससाखरेचे बारीक स्फटिक बसतात. स्फटिक बसताना साखर स्वतःच्याच रेणूंना जवळ करते, रंगाची द्रव्यं बाहेर ठेवते. त्यामुळे तपकिरी गुळावर पांढरा ठिपका उमटतो. तो खायला हरकत नाही.

पण तोच ओला थर बुरशीच्याही सोयीचा. कोरड्या गुळात साखर इतकी दाट असते की बुरशीला पाणीच मिळत नाही. ओलीने वरचा पाक पातळ झाला की तिचं फावतं. ओळखायचं कसं? ठिपका बोटाने चोळा. साखर खरखरीत लागते. बुरशी मऊ, कापसासारखी असते, जराशी उठून दिसते आणि काही दिवसांनी हिरवट किंवा काळपट होते. तरी शंका राहिली तर ठिपका सुरीने खरवडून वाटीभर कोमट पाण्यात टाका आणि ढवळा. साखर विरघळून जाते. बुरशीचे तंतू किंवा पुंजके तसेच राहतात. तळाशी पांढरा साका बसला तर तो बहुधा रस निवळताना घातलेला चुना, किंवा भेसळीची खडू-पावडर असू शकते. आमच्या ढेपेवरच्या वरच्या ठिपक्यांचं पाणी झालं, ओल्या तळाच्या ठिपक्यांचं झालं नाही.

मग ढेपेचं काय केलं? टाकून दिली. पाच किलो गूळ टाकताना जीव जातो, मान्य आहे. पण गूळ सच्छिद्र असतो, त्यात ओल आत गेलेली, बुरशीचे तंतू डागापुरते थांबत नाहीत. "पाक करून उकळला तर?" असं कोणीतरी विचारणारच. उकळल्याने बुरशी मरते, पण काही बुरशींनी तयार केलेलं विष उकळत्या पाण्यात टिकून राहतं. आंबट किंवा दारूसारखा वास आला तर तो गूळ आंबू लागलाय, तोही नको.

आता मुंग्या. "मुंग्या लागल्या म्हणजे गूळ अस्सल" हा समज सोडून द्या. भेसळीसाठी गुळात साखर मिसळली असेल तरी मुंगी तितक्याच आवडीने येते. मुंगीमुळे गूळ विषारी होत नाही. अडचण तिच्या पायांची असते : ती मोरीतून, कचऱ्यातून आलेली असते आणि येताना जंतू आणू शकते. साखरेत मुंग्या झाल्या तर परातीत पसरून अर्धा तास उन्हात ठेवा, जिवंत मुंग्या निघून जातात. मेलेल्या निवडाव्या लागतात. ही साखर चहात, शिऱ्यात, जे उकळतं त्यात वापरा. पंचामृतात, पन्ह्यात किंवा लहान मुलांच्या कच्च्या खाऊत नको. गुळाचं असं करा : पाव किलो गुळात कपभर पाणी घालून तापवा, विरघळला की मुंग्या वर तरंगतात. पातळ कापडातून गाळा आणि गाळलेला पाक पाचेक मिनिटं खळखळ उकळा. तो फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. पुन्हा ढेपेसारखा महिनोन् महिने टिकेल या भरवशावर राहू नका.

एक अपवाद मात्र कडक आहे. कपाटात मुंग्यांचा खडू ओढला असेल किंवा औषध घातलेलं आमिष ठेवलं असेल आणि डब्यात मेलेल्या मुंग्यांचा खच दिसला, तर गाळू नका, उकळू नका, सरळ टाका. ते कीटकनाशक त्यांच्या अंगाबरोबर डब्यात आलेलं असू शकतं.

आजीच्या वेळची परातीत पाणी घालून मध्ये डबा ठेवायची युक्ती अजूनही चालते, मुंगी पाणी ओलांडत नाही. फक्त झाकण घट्ट हवं. सैल झाकणातून त्याच परातीतली वाफ आत जाते आणि मुंग्यांपासून वाचवलेल्या गुळाला घाम फुटतो.