वाळवी लागलेला पाढ्यांचा तक्ता

नमस्कार. शाळेच्या भिंतीवर पाढ्यांचा तक्ता असायचा, तो क्षणभर डोळ्यांसमोर आणा. दहा ओळी, दहा स्तंभ, शंभर घरं. आता समजा, त्याला वाळवी लागली. बरीचशी घरं गेली आणि कडेची पट्टीही गेली, म्हणजे कुठली ओळ कितीचा पाढा आहे हे सांगणारं काहीच उरलं नाही. एका घराला भोक पडलंय. तिथं काय होतं?

त्या ओळीत जरा डावीकडे १८ दिसतोय. १८ च्या स्तंभात वर गेलं की ६ आहे, आणि त्या ६ च्या ओळीत, आपल्या भोकाच्या बरोबर वर, १४ आहे. सहाचे चौदा, तर अठराचे किती? त्रैराशिक. बेचाळीस. ओळ सहाची आणि स्तंभ साताचा, हे आपल्याला माहीतच नव्हतं, तरी भोक भरलं.

हे जमलं, कारण तक्त्यात दिसायला शंभर आकडे असले तरी स्वतंत्र असे फार थोडे आहेत. ओळींचे दहा, स्तंभांचे दहा, बाकी सगळा गुणाकार. एक ओळ ही दुसऱ्या ओळीची पट असते. अशा तक्त्याची रँक १ असते. असे दोन तक्ते एकावर एक ठेवून घरागणिक बेरीज केली, तर साधारणपणे रँक २ चा तक्ता मिळतो, तीनांची बेरीज केली तर ३ चा. मोठ्या तक्त्याची रँक लहान असणं, यालाच लो रँक म्हणतात. आणि तक्त्यावरून त्या कडेच्या पट्ट्या परत शोधणं म्हणजे मॅट्रिक्सचे अवयव पाडणं. शाळेत बहुपदीचे पाडायचो, तसेच.

आता सिनेमांकडे येऊ. तेव्हा घरपोच डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सनं २ ऑक्टोबर २००६ रोजी, कुठला प्रेक्षक कुठल्या सिनेमाला किती गुण देईल हे ओळखण्याची एक स्पर्धा जाहीर केली आणि आपल्याकडचा तक्ता खुला केला. ४,८०,१८९ प्रेक्षक, १७,७७० सिनेमे, एक ते पाच अशी गुणांकनं. घरं झाली साधारण ८५३ कोटी, त्यातली भरलेली दहा कोटींहून थोडी जास्त. शंभरातलं एकच घर भरलेलं, बाकी सगळी वाळवी. झाकून ठेवलेल्या गुणांकनांवर त्यांची स्वतःची पद्धत सरासरी ०.९५२५ इतकी चुकत होती. ही सरासरी चुकांचे वर्ग करून, त्यांची सरासरी घेऊन, वर्गमूळ काढून मोजायची. प्रत्येक सिनेमाची नुसती सरासरी सांगितली तरी चूक साधारण १.०५ येते, यावरून अंदाज घ्या. चूक दहा टक्क्यांनी कमी करणाऱ्याला दहा लाख डॉलर.

त्याच वर्षी डिसेंबरात सायमन फंक या टोपणनावाच्या स्पर्धकानं आपली रीत सगळ्यांसमोर मांडली, आणि ती होती ही पाढ्यांचीच. प्रत्येक प्रेक्षकाला काही आकडे द्यायचे, प्रत्येक सिनेमाला तितकेच, आणि जोडीजोडीनं गुणून बेरीज केली की गुणांकनाचा अंदाज. प्रत्येकी चाळीस आकडे धरले, तर एकूण अज्ञातं जेमतेम दोन कोटी होतात. दहा कोटी माहीत असलेली घरं आणि दोन कोटी अज्ञातं. ८५३ कोटी घरांचा प्रश्न इथं आवाक्यात येतो.

पण रिकामी घरं आपोआप भरत नाहीत. ती भरतात, कारण माणसांच्या आवडी थोड्याच दिशांनी बदलतात असं आपण गृहीत धरलंय. हे गृहीतक काढून घेतलं, तर रिकाम्या घरात कुठलाही आकडा बसतो आणि भरलेल्या घरांपैकी एकही तक्रार करत नाही.

एक लहान उदाहरण हातानं करून बघू. चार सिनेमे: क आणि ख मारधाडीचे, ग आणि घ संथ, घरगुती. सरासरी ३ धरू आणि प्रत्येक गुणांकनातून ३ वजा करू. सुमननं क ला ५, ख ला ४, ग ला १ दिले, घ पाहिला नाही. वजाबाकीनंतर तिची ओळ २, १, उणे २, रिकामं. रघूनं क ला १, ग ला ५, घ ला ४ दिले, म्हणजे उणे २, रिकामं, २, १. रघूची ओळ सुमनच्या ओळीची उणे एक पट आहे. मग सुमनचा घ येतो उणे १, म्हणजे २ गुण, आणि रघूचा ख सुद्धा २ गुण. सिनेमांची पट्टी झाली २, १, उणे २, उणे १. सुमनचा आकडा १, रघूचा उणे १. मारधाड किंवा संथ हे शब्द मी तुमच्या सोयीसाठी वापरले. गणिताला ते कधी कळलेच नाहीत. एकाहून जास्त दिशा असल्या तर त्या आपसांत फिरवून, मिसळूनही तोच गुणाकार येतो, त्यामुळे सतराव्या आकड्याला ‘विनोदाची आवड’ असं नाव देण्याचा मोह टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मीरा येते. तिनं एकच सिनेमा पाहिलाय, ख, आणि त्याला ५ दिलेत. वजाबाकीनंतर २. ख चा आकडा १, म्हणजे मीराचा आकडा २. मग क ला ती किती देईल? २ गुणिले २ म्हणजे ४, त्यात ३ मिळवले की ७. पाचापैकी सात! हिशेबात चूक नाही. चूक आहे ती एका मतावर इतका विश्वास टाकण्यात.

उपाय असा, की आकडा मोठा झाला की दंड लावायचा. याला रेग्युलरायझेशन म्हणतात. सिनेमांचे आकडे आहेत तसेच धरले, तर प्रेक्षकाचा आकडा असा निघतो: वजाबाकीनंतरचे तिचे गुण आणि सिनेमांचे आकडे यांचा गुणाकार करून बेरीज, भागिले सिनेमांच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज. दंड म्हणजे या भाजकात एक ठरावीक आकडा मिळवायचा. तो ३ धरू. मीरासाठी २ भागिले (१ + ३), म्हणजे ०.५. आता क चा अंदाज ४ येतो, समंजस. मग मीरानं क पाहिला आणि ५ दिले. दंडाशिवाय तिचा आकडा ६ भागिले ५, म्हणजे १.२. दंडासह ६ भागिले ८, म्हणजे ०.७५. पुढे तिनं ग ला १ दिला. दंडाशिवाय १.११, दंडासह ०.८३. बघा, पहिल्या मताला दंडानं आकडा चौथ्या हिश्शावर आणला होता, तिसऱ्या मताला पाऊण हिस्सा शिल्लक राहिला. माणूस जसजसा आपल्याबद्दल सांगत जातो तसतसा दंड आपोआप मागे सरतो. या सगळ्या रीतीत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

प्रत्यक्षात दोन्ही पट्ट्या अज्ञात असतात, म्हणून एकेक भरलेलं घर घेऊन दोन्ही बाजू थोड्या थोड्या सरकवायच्या:

```
e = r - (mu + bu + bi + p @ q)
p0 = p.copy()
p += g * (e * q  - k * p)
q += g * (e * p0 - k * q)
```

`r` हे दिलेलं गुणांकन, `p` हे प्रेक्षकाचे आकडे, `q` हे सिनेमाचे, आणि `e` ही अंदाजातली चूक. `mu` ही सगळ्यांची सरासरी. `bu` म्हणजे हा प्रेक्षक हात सैल सोडून गुण देतो की आखडता घेतो, आणि `bi` म्हणजे हा सिनेमा एकूणच किती नावाजलेला. हे दोन्हीही असेच सरकवतात. `g` हे पावलाचं माप, लहान ठेवायचं, आणि `k` हा दंड. इथं दंड प्रत्येक मतागणिक बसतो, मघाच्या उदाहरणात तो माणशी एकदाच होता, एवढा फरक लक्षात असू द्या. `p` आणि `q` दोन्ही शून्यापासून सुरू केले तर ते जन्मभर शून्यच राहतात, कारण एकाची वाढ दुसऱ्यावर अवलंबून आहे. म्हणून सुरुवात लहान, यादृच्छिक आकड्यांनी.

मी पहिल्यांदा हे घरी केलं तेव्हा रिकाम्या घरांत शून्य भरलं आणि मॅट्रिक्सचे अवयव पाडण्याची पुस्तकातली नेहमीची रीत, एसव्हीडी, चालवली. मिनेसोटा विद्यापीठाचा मूव्हीलेन्सचा छोटा तक्ता होता, ९४३ प्रेक्षक, १६८२ सिनेमे, एक लाख गुणांकनं. सुरुवातीला वाटलं, फारच छान जमलं, चूक अगदी थोडी. मग अंदाज छापून पाहिले तर बहुतेक शून्याच्या आसपास. शंभरातली चौऱ्याण्णव घरं मीच शून्यानं भरली होती, आणि यंत्रानं इमानेइतबारे तीच शून्यं पाठ केली होती. रिकामं घर म्हणजे शून्य गुण नव्हे. चुकांची बेरीज करताना फक्त भरलेली घरं घ्यायची, एवढ्या बदलानं सगळं पालटलं. पारख करायची तर काही भरलेली घरं आधीच झाकून ठेवा. शिकवलेल्या घरांवरची चूक घटतच राहते, झाकलेल्यांवरची आधी घटते आणि मग चढू लागते. चढायला लागली की थांबा, किंवा दंड वाढवा.

मघाशी एका ताईंनी विचारलं, की पुरेशी घरं भरलेली असली म्हणजे उत्तर बरोबर येणार ना? नाही. कुठली घरं भरलीत यावर ते आहे. पुन्हा पाढ्यांच्या तक्त्याकडे चला. समजा वाळवीनं वरचा डावा चतुर्थांश आणि खालचा उजवा चतुर्थांश तेवढा ठेवला, उरलेले दोन पूर्ण खाल्ले. निम्मी घरं शाबूत आहेत. तरी खाल्लेल्यांपैकी एकही घर भरता येत नाही. वरच्या पाच ओळींचे आकडे दुप्पट करा आणि डावीकडच्या पाच स्तंभांचे निम्मे करा. उरलेली सगळी घरं जशीच्या तशी राहतात, पण खाल्लेल्या दोन्ही भागांतले आकडे बदलतात.

समजा, फक्त मराठी सिनेमांना गुण देणारे प्रेक्षक एका बाजूला आणि फक्त कोरियन सिनेमांना देणारे दुसऱ्या बाजूला, दोघांत सामाईक काहीच नाही. तर तक्ता कितीही मोठा असू दे, पहिल्या गटातल्या माणसाला कुठला कोरियन सिनेमा आवडेल हे त्यातून निघत नाही. पाढ्यांच्या तक्त्यात एक घर वाचलं असतं तरी पुरलं असतं. रँक १ असली की एक दुवा बास. दिशा चाळीस असतील, तर दोन्हीकडचं पाहणारी, एकमेकांपेक्षा वेगळ्या आवडीची किमान चाळीस माणसं लागतात.

प्रोग्रॅम मात्र त्या घरातही आकडा छापतोच, ३.७ म्हणा की ४.१, आणि तो भरवशाच्या आकड्यासारखाच दिसतो. ओळखायची एक सोपी रीत आहे. तेच शिक्षण पाच वेळा करा, दर वेळी यादृच्छिक सुरुवात वेगळी घ्या, आणि मग एकेका रिकाम्या घराकडे बघा. जिथं पाचही वेळा जवळपास तोच आकडा येतो, तिथं तक्ता निदान आपल्या गृहीतकानुसार काही सांगतोय. जिथं एकदा २.६ आणि एकदा ४.३ येतो, तिथं तो आकडा सुरुवातीच्या फाशांचा आहे, प्रेक्षकाचा नाही, आणि तिथं सिनेमाची नुसती सरासरी दाखवावी.