निवण्याआधी ओतलेलं टर्पेंटाइन

नमस्कार श्रोतेहो.

अपघातात माणूस गेला की बातमीत एक ठरलेलं वाक्य येतं: 'मृत्यूस कारणीभूत ठरल्याप्रकरणी गुन्हा दाखल.' आज बोलायचं आहे ते त्या 'कारणीभूत' ठरण्याबद्दल. एकाने चूक केली, मग दुसऱ्याने काहीतरी केलं आणि शेवटी माणूस मेला, तर फौजदारी कायदा पहिल्याला कुठपर्यंत धरतो? आणि मध्ये आलेल्या दुसऱ्याच्या कृतीने पहिल्याची जबाबदारी कधी तुटते?

हे समजून घ्यायला मुंबईतला एक खटला फार उपयोगी आहे. कुर्बान हुसेन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १९६५च्या निकालसंग्रहात तो छापला गेला आणि निष्काळजीपणाच्या खटल्यांत आजही त्याचा दाखला दिला जातो. तो सविस्तर सांगतो, कारण त्यातली प्रत्येक कडी हाताने मोजता येते.

कारखाना रंग आणि व्हार्निशचा. महापालिकेचा परवाना होता, पण तो थंड पद्धतीने रंग बनवण्याचा, म्हणजे ज्यात आच लागत नाही अशा कामाचा. शिवाय टर्पेंटाइन, व्हार्निश आणि रंग साठवण्याची परवानगी होती. प्रत्यक्षात मात्र तिथे भट्टीचं काम चाले. एकाच खोलीत चार बर्नर, त्यांवर पिंपं, पिंपांत राळ किंवा बिटुमेन, म्हणजे आपलं डांबर, वितळवायचं. ते वितळलं की आच काढायची, निवू द्यायचं आणि मग त्यात टर्पेंटाइन घालायचं. आणि त्याच खोलीत, थोड्याच अंतरावर, टर्पेंटाइन आणि व्हार्निशचा साठा.

यातलं 'निवू द्यायचं' हे लक्षात ठेवा, सगळा खटला त्यावर फिरतो. टर्पेंटाइन साधारण दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या दरम्यान उकळतं. पातळ झालेलं डांबर सहज त्याहून जास्त तापलेलं असतं. त्यात टर्पेंटाइन पडलं की ते मिसळायच्या आतच त्याची वाफ होते. ती वाफ चिकट डांबरातून वाट काढते, फेस होतो आणि फेस पिंपाबाहेर येतो. तापलेल्या तेलात पाणी पडल्यावर कढईत काय होतं ते घरोघरी माहीत आहे. इथे फरक एवढाच, की टर्पेंटाइन स्वतःच पेट घेतं. त्याची वाफ जेमतेम पस्तीसेक अंशांनाच पेटण्याजोगी होते, म्हणजे मुंबईच्या एखाद्या उन्हाळी दुपारीसुद्धा.

२० एप्रिल १९६२. भट्टीवरच्या कामगाराने चारही बर्नर पेटवले. काही वेळाने एका पिंपातून फेस उसळून बाहेर आला. डांबर पुरेसं निवलेलं नव्हतं आणि त्याने घाईने टर्पेंटाइन ओतलं होतं. तो फेस आणि ती धग जवळच्या साठ्यापर्यंत पोचली, साठा पेटला. सात कामगार भाजून मेले, आणखी सात जखमी झाले.

खटला झाला तो कारखान्याच्या व्यवस्थापकावर. भारतीय दंड संहितेतली कलमं दोन. एक ३०४-अ, म्हणजे अविचाराने किंवा निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं. दुसरं २८५, म्हणजे आग किंवा ज्वालाग्राही पदार्थ हयगयीने हाताळून माणसांचा जीव धोक्यात घालणं. दोन्हींखाली तो दोषी ठरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सरकारी बाजूचं म्हणणं कुणालाही पटेल असं होतं. परवाना थंड कामाचा, काम गरम. जिथे आग तिथेच पेटणारा माल. हे व्यवस्थापकाने होऊ दिलं. बर्नर त्या खोलीत नसते तर आग लागली असती का? नाही. मग मृत्यूला तोच कारण.

इथे नीट ऐका. 'ते नसतं तर हे झालं असतं का' ही पहिली कसोटी आहे. व्यवस्थापक या कसोटीत अडकतो. पण तीत परवाना देणारा अधिकारीही अडकतो, बर्नर विकणारा दुकानदार अडकतो आणि जागा भाड्याने देणारा मालकही अडकतो. हे सगळे नसते तर आग लागली नसती. म्हणून कायदा तिथे थांबत नाही, दुसरा प्रश्न विचारतो: मृत्यू या माणसाच्या कृतीचा थेट परिणाम आहे का? ती कृती निकटचं आणि परिणामकारक कारण आहे का, की मध्ये दुसऱ्या कुणाचा निष्काळजीपणा आला? हे सूत्र १९०२ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी एका खटल्यात मांडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वांछू यांनी कारखान्याच्या निकालात तेच उचललं.

आता सूत्र लावून पाहा. बर्नर आणि साठा एका खोलीत असणं हा निष्काळजीपणा होता, यात न्यायालयाला शंका नव्हती. पण नुसत्या त्याने त्या दिवशी आग लागली नाही. आग लागली ती डांबर निवण्याआधी टर्पेंटाइन ओतलं गेल्याने, आणि ती घाई व्यवस्थापकाची नव्हती, कामगाराची होती. व्यवस्थापकाच्या चुकीने आग शक्य झाली, कामगाराच्या कृतीने ती लागली. पुन्हा सांगतो: शक्य झाली एकामुळे, लागली दुसऱ्यामुळे. त्यामुळे ३०४-अ खाली व्यवस्थापक सुटला. सात मृत्यूंची कडी त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच तुटली.

पण २८५ची शिक्षा कायम राहिली, आणि हे फार कमी लोक सांगतात. त्या कलमाला मृत्यू लागतच नाही. आग हाताळताना जीव धोक्यात येईल अशी हयगय एवढंच पुरे. धोका त्याने स्वतः निर्माण केला होता, तिथे मध्ये दुसरं कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा 'सुटला' म्हणजे सगळ्यातून सुटला असं नाही.

या निकालाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. सूत्र बरोबर आहे, पण इथे ते फार आखडून लावलं गेलं. भट्टीवरचा माणूस घाई करतो ही काही अघटित गोष्ट नाही. रोज तेच ते काम करणारा माणूस कधीतरी घाई करणारच, आणि साठा वेगळ्या खोलीत ठेवायचा तो नेमका त्या दिवसासाठी. धोका ज्या कारणासाठी टाळायचा असतो तेच कारण घडलं, तर त्याला मध्ये आलेली नवी कृती म्हणावं का? मला ते पटत नाही. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: परवान्यात एक काम आणि आत दुसरं, हे शोधायला खास तज्ज्ञ लागत नाही. पेटलेल्या चार बर्नरच्या खोलीत दाराशी उभं राहिलं तरी धग लागते. तपासणीला येणाऱ्याने कागद पाहण्याआधी ती खोली पाहावी. असो.

कामगाराने केलं म्हणजे मालक नेहमी सुटतो, असं मात्र समजू नका. त्याच दशकात एका बेकरीचं धुराडं कोसळून ११ माणसं मेली. बांधकाम गवंड्याने केलं होतं. पण महापालिकेची परवानगी घेतलेली नव्हती, जाणकाराचा सल्ला घेतलेला नव्हता. मालकाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. फरक कुठे आहे ते पाहा. गवंड्याने मालकाने सांगितलेलंच काम केलं, स्वतःहून वेगळं काही केलं नाही. कारखान्यातल्या कामगाराने ठरलेली पद्धत मोडली. कडी तोडायला मध्ये आलेली कृती स्वतंत्र असावी लागते, सांगितलेल्या कामाचाच भाग असून चालत नाही.

परवाना मोडणं आणि मृत्यू घडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगतो. १९६८च्या निकालसंग्रहात छापलेल्या एका निकालात जीप चालवणाऱ्याकडे फक्त शिकाऊ परवाना होता आणि शेजारी शिकवणारा बसलेला नव्हता. एक माणूस धडक लागून गेला. तरी ३०४-अ लागू झालं नाही, कारण गाडी बेफाम किंवा हयगयीने चालवली याचा पुरावाच नव्हता. परवान्याचा गुन्हा वेगळा, मृत्यूचा वेगळा.

१ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ३०४-अ आता कलम १०६ झालं आणि त्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. २८५चं २८७ झालं. पण मृत्यू 'घडवला' हे सिद्ध करायचं ओझं जिथे होतं तिथेच आहे.

आता लोक सर्वांत जास्त चुकतात ती गोष्ट. मारहाणीत जखमी झालेला माणूस दवाखान्यात मेला, की आरोपीकडून हमखास युक्तिवाद होतो: डॉक्टरने हयगय केली, वेळेवर उपचार झाले असते तर वाचला असता. हा युक्तिवाद कायद्यानेच बंद केला आहे. सदोष मनुष्यवधाच्या व्याख्येखालचं दुसरं स्पष्टीकरण, जुन्या संहितेत कलम २९९, आता कलम १००, असं सांगतं की योग्य उपाय आणि कुशल उपचारांनी मृत्यू टळला असता तरीही, ज्याने ती इजा केली त्यानेच मृत्यू घडवला असं धरलं जाईल. उपचार न मिळणं ही मध्ये आलेली नवी कृती नाही. जखमी माणूस आधीच आजारी होता, म्हणून लवकर गेला, हीसुद्धा सबब नाही. ते पहिल्या स्पष्टीकरणात आहे.

मात्र मृत्यू इजेमुळेच झाला हे तरी दाखवावं लागतं, आणि तिथे खटले पडतात. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात ९ फेब्रुवारी १९६० रोजी एकाच्या पोटात गोळ्या लागल्या. तो १ मार्चला मेला. मधल्या काळात तो दवाखान्यातून घरी गेला होता आणि शवविच्छेदन न होताच अंत्यसंस्कार झाले. जखमा जिवाला धोकादायक होत्या, यावर डॉक्टरची साक्ष होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जखमा धोकादायक होत्या हे ठीक, पण मृत्यू त्यांनीच झाला हे कशावरून?

मारहाण किंवा अपघातानंतर काही दिवसांनी माणूस घरी मरण पावला, तरी आधी पोलीस ठाण्याला कळवा आणि शवविच्छेदन होऊ द्या. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, मधल्या दिवसांतल्या तपासण्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. जखम झाली त्या दिवसापासून मृत्यूपर्यंत ताप कधी आला, पू कधी झाला, पोट कधी फुगलं, हे तारखांसह या कागदांतून दिसलं पाहिजे. शवविच्छेदन करणारा डॉक्टर त्यांच्याच आधारे मृत्यूचं कारण त्या जखमेपर्यंत नेऊन लिहू शकतो.

नमस्कार.