कळ की ठणका?

(दृश्य: ग्रामीण रुग्णालयातला बाक. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उजवा गुडघा पोटाशी घेऊन आडवा पडला आहे. शेजारी आई.)

निवेदन :

"डॉक्टर, कालपासून ह्याच्या पोटात लई दुखतंय."

तपासणीच्या खोलीत दिवसभर ऐकू येणारं हे वाक्य. त्यातला "लई" डॉक्टरांना फारसा उपयोगी पडत नाही. दुखणं कसं आहे, हे कळायला हवं. त्यासाठी लागणारे शब्द या माउलीच्या घरात रोज बोलले जातात, पण दवाखान्याची पायरी चढली की सगळ्यांचं एकच "दुखतंय" होऊन जातं.

डॉक्टर मुलाकडे वळतात. "काल सुरुवातीला कसं व्हायचं रे?"

"बेंबीपाशी कसंतरी व्हायचं. मधूनच कळ यायची. जेवण नको वाटलं. मग उलटी झाली."

"आणि आता?"

"आता इथं खाली, उजवीकडं. सारखं ठणकतंय. खोकलं की चमक निघते."

कळ, ठणका, चमक. या तीन शब्दांनी दुखण्याचा पुष्कळसा प्रवास सांगून टाकला.

(दृश्य: आतडं आकुंचन पावतानाचं रेखाचित्र.)

कळ येते आणि जाते. बाळंतपणाच्या कळा म्हणतो, त्या याच अर्थानं. आतून पोकळ असलेला, स्नायूंचा अवयव अडलेलं काही पुढे ढकलायला आवळतो, तेव्हा कळ उठते; तो सैल पडला की ओसरते. जुलाबात येतो तो मुरडा याच घरातला. ठणका मात्र सोडत नाही. सूज धरलेल्या जागी तो बसून राहतो. पिकलेल्या नखुरड्यात नाडीच्या ठोक्याबरोबर होते, ती ठसठस.

मुलाच्या पोटात काय घडलं असावं? आतड्याला चिकटलेली अपेंडिक्सची बारीक नळी तोंडाशी बंद झाली आणि फुगू लागली. तिच्याकडून निघणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यात साधारण त्याच पातळीवर पोहोचतात, जिथे बेंबीजवळच्या त्वचेचे पोहोचतात. म्हणून मेंदूला दुखणं बेंबीशी वाटतं, आणि तेही नीट बोट ठेवता येणार नाही असं. मुलाचं "कसंतरी" अगदी खरं होतं. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली. तिथले मज्जातंतू नेमकी जागा सांगतात. दुखणं खाली उजवीकडे सरकलं आणि ठणका झालं.

(दृश्य: डॉक्टरांची बोटं मुलाच्या पोटावर.)

कमरेच्या पुढच्या हाडापासून बेंबीपर्यंत रेघ ओढा. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावरची ही जागा. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली ती नोंदवली, आणि आजही ती त्यांच्याच नावानं ओळखतात.

"येताना गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हा?"

मुलगा डोळे मिटून घेतो. "जीव गेला."

सुजलेलं अस्तर हिसका सहन करत नाही, म्हणून असा रुग्ण निपचित पडून राहतो. मूतखड्याचा माणूस याच्या उलट. कमरेपासून जांघेकडे कळ उतरते, तो उठतो, बसतो, येरझारा घालतो, कुठल्याच कुशीवर त्याला थारा नसतो. म्हणून घरच्यांनी शब्दांबरोबर हेही सांगावं: तळमळतोय, की हलू देत नाही?

जळजळ आणि चुरचूर वेगळ्या. जळजळ छातीच्या हाडामागे, घशाकडे चढणारी. लघवीला चुरचुरतं, आग होते, ते मूत्रमार्गाचं. दोन्हींना "पोटात दुखतंय" म्हटलं, तर तपासणी भलत्याच वाटेनं सुरू होऊ शकते.

शब्द सगळंच सांगत नाहीत. अपेंडिक्स आतड्यामागे वळलेलं असेल तर दुखणं कमरेत जाणवतं. गरोदरपणात ते वर सरकू शकतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं कधीकधी फार बोलतच नाहीत. पित्ताच्या खड्याला कळ म्हणतात खरी, पण ती बरेचदा तासन्‌तास एकसारखी राहते. म्हणून डॉक्टर पोट दाबून बघतात, रक्त तपासतात, सोनोग्राफी सांगतात.

(दृश्य: आई पदरानं मुलाचा घाम टिपते.)

"पोट साफ होईल म्हणून रात्री एरंडेल देणार होते," आई म्हणते.

"दिलं नाहीत, बरं केलंत. अशा पोटात रेच घेतलं तर अपेंडिक्स फुटायची भीती असते. आणि आई, एक सांगा. मध्ये दुखणं एकाएकी थांबलं होतं का?"

"नाही. का हो?"

"फुटल्यावर ताण सुटतो, थोडा वेळ बरं वाटतं. मग सगळं पोट दुखायला लागतं, लाकडासारखं कडक होतं. तसं झालं नाही ना?"

आई मान हलवते. मुलाला स्ट्रेचरवर घेतात. उंबऱ्यावरून चाक जाताना तो उजवी कूस हातानं धरतो, आणि डॉक्टर वॉर्डबॉयला म्हणतात, "हळू."