वर्तमानपत्र धरलेला हात

(दृश्य: सहकारनगर, सकाळ. गॅलरीतली खुर्ची, हातात वर्तमानपत्र.)

पानाचा उजवा कोपरा बघा. काकांनी आत्ताच पान उलटलंय आणि कोपरा शांत आहे. एक मथळा वाचून होतो, तरी शांतच. मग कागद हलू लागतो, आणि थोड्याच वेळात त्याची फडफड माइकमध्येही ऐकू येते. काका पुन्हा पान उलटतात. फडफड थांबते. काही सेकंदांनी परत सुरू.

काका 64 वर्षांचे. दीड वर्षापूर्वी हे सुरू झालं, फक्त उजव्या हाताला. घरच्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "हातात काही धरलं की हात हलतो." तेवढ्यावरून इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे हात पेलून धरला किंवा काम केलं की थरथरण्याचा आजार, असं निदान झालं आणि त्यावरचं औषध, प्रोप्रॅनोलॉल, सुरू झालं. कागद मात्र फडफडतोच आहे.

(दृश्य: नारायण पेठ, घरगुती खानावळ, दुपारची पंगत.)

या मावशी. पळी पातेल्यात आहे तोवर काही जाणवत नाही. ती उचलली, की त्याच क्षणी हात थरथरतो आणि वाटीजवळ येताना जास्तच. आमटी वाटीबाहेर सांडते, म्हणून मावशी डाव्या हाताने उजवं मनगट धरून वाढतात. थरथर दोन्ही हातांना आहे, सात-आठ वर्षांपासून. त्यांच्या वडिलांचेही हात असेच थरथरायचे. नीट पाहिलं तर मानही किंचित "नाही, नाही" म्हटल्यासारखी हलते. शेजारच्यांनी हा पार्किन्सन्स आहे असं सांगितल्यापासून मावशींची झोप उडाली आहे.

पंगत उठली. मावशी भिंतीला टेकून बसल्या आहेत, हात मांडीवर. इथे आम्ही कॅमेरा मुद्दाम रेंगाळू दिला. बोटं स्वस्थ आहेत.

(दृश्य: कर्वे रस्ता, मेंदूविकारतज्ज्ञांची तपासणीची खोली. भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ.)

"काका, हात मांडीवर सोडून द्या. अगदी सैल. आता शंभरातून सात वजा करत जा, मोठ्याने."

त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशीला काका अडखळतात आणि अंगठा तर्जनीवर फिरू लागतो, जपमाळ ओढावी तसा. सेकंदाला चार ते सहा वेळा, संथ आणि एकसारखा. हात काहीच करत नसताना येणारी ही थरथर म्हणजे विश्रांतीतला कंप. मन दुसरीकडे गुंतलं की तो उघडा पडतो, म्हणून वजाबाकी. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली पार्किन्सन्स या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाच त्यांनी लिहून ठेवलं होतं की कंप येतो तो हालचाल करत नसलेल्या अवयवात.

मावशींनीही वजाबाकी केली. हिशेब रोजचा, एकदाही चुकल्या नाहीत. हात जागचे हलले नाहीत.

आता दोघांनाही हात समोर पसरून धरायला सांगितलं आहे. या चित्रफितीचा बराचसा वेळ आम्ही या एका तपासणीला दिला आहे, कारण काकांचं निदान इथेच चुकलं असावं.

(दृश्य: पडदा दुभंगलेला. डावीकडे मावशी, उजवीकडे काका, मध्ये घड्याळ.)

मावशींचे हात वर आले आणि त्याच क्षणी बोटं थरथरू लागली. काकांचे हात स्थिर. दोन सेकंद, चार, सहा. डॉक्टर काही बोलत नाहीत, फक्त बघत राहतात. नवव्या सेकंदाला काकांची उजवी बोटं हलू लागतात, आणि पंधराव्या सेकंदाला दोन्ही चित्रं जवळपास सारखी दिसतात.

पंधराव्या सेकंदाला कोणी खोलीत आलं असतं, तर दोघांनाही एकच आजार आहे असं म्हणालं असतं.

मधला शांत वेळ येतो कुठून? विश्रांतीतला कंप हालचाल सुरू झाली की दबतो. हात उचलणं ही हालचालच आहे, म्हणून तो विरतो. पण हात नव्या जागी स्थिरावला, की तोच कंप त्याच संथ गतीने परत येतो. डॉक्टर याला रि-इमर्जंट ट्रेमर म्हणतात. पान उलटणं म्हणजे हालचाल, आणि उलटलेलं पान धरून ठेवणं म्हणजे हात स्थिरावणं. घरच्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पान उलटल्यावर फडफड किती वेळाने सुरू होते, हे मात्र त्यांना कोणी विचारलं नाही. मावशींच्या थरथरीला असा मधला वेळ लागत नाही. हात पेलून धरला की ती सुरू होते आणि काम करताना वाढते.

हा मधला वेळ सगळ्यांचा सारखा नसतो. कोणाला दोन-तीन सेकंद, कोणाला बरेच जास्त. म्हणून डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत.

(दृश्य: दोन पेले, पाणी. मग कागद आणि पेन.)

एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतताना काकांचा थेंबही सांडला नाही. मावशींचं टेबल ओलं झालं. मग दोघांनी एकच ओळ लिहिली. मावशींची अक्षरं मोठी आहेत आणि शिरोरेषा नागमोडी. काकांची शिरोरेषा सरळ आहे, पण ओळीच्या शेवटाकडे अक्षर बारीक होत गेलंय. शेवटचा शब्द वाचायला आम्हाला कॅमेरा जवळ न्यावा लागला.

(दृश्य: सारसबाग, काका चालताहेत, मागून.)

डावा हात झुलतोय. उजवा अंगालगत लोंबतोय, आणि त्याची बोटं हलताहेत.

तरीही नुसत्या कंपावरून पार्किन्सन्स म्हणता येत नाही. त्यासाठी हालचालीत मंदपणा दिसावा लागतो. काकांनी अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटली, तेव्हा दहा-बारा वेळांतच आपटणं लहान होत गेलं. मावशींचं शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. उलट बाजूही आहे: इसेन्शियल ट्रेमर बरीच वर्षं असेल, तर कधीकधी बसल्या जागीही हात हलतो. पण अनेकदा तो हात पुरता सैल सोडलेलाच नसतो. अशा वेळी डॉक्टर आडवं झोपवून, हाताखाली उशी देऊन पुन्हा बघतात.

आणि औषधांची पिशवी. डॉक्टरांनी दोघांच्या पिशव्या टेबलावर उलट्या केल्या. चक्करेसाठी वर्षानुवर्षं घेतलं जाणारं सिनारिझिन, पोटासाठीचं लेव्होसल्पिराइड, यांनीही हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र उभं राहू शकतं. दम्याचं साल्ब्युटामॉल आणि फिटचं व्हॅल्प्रोएट हात पसरल्यावरची थरथर वाढवतात. वाढलेलं थायरॉइडही तेच करतं. दोघांच्या पिशवीत यातलं काही निघालं नाही, थायरॉइडचे रिपोर्टही ठीक आले.

घरी फोनवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवणार असाल, तर हात मांडीवर असताना अर्धा मिनिट घ्या आणि पसरल्यावरही अर्धा मिनिट. हात उचलण्याआधीच रेकॉर्डिंग सुरू करा, म्हणजे मधला वेळ मोजता येतो.

काकांचं प्रोप्रॅनोलॉल हळूहळू कमी करून बंद केलं आणि पार्किन्सन्सवरचं लेव्होडोपा सुरू झालं. मावशींचा आजार इसेन्शियल ट्रेमर. त्यांना दमा नाही, नाडीही ठीक आहे, त्यामुळे तेच प्रोप्रॅनोलॉल त्यांना कमी मात्रेत दिलं आहे. पुढची तपासणी दोघांचीही सहा आठवड्यांनी.