पुलावरचा घाट

[दृश्य: साताऱ्यातली सकाळ. यवतेश्वर घाटाची वळणं, धुक्यातून वर सरकणारे धावपटू.]

निवेदन:
सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा उंचीचा आलेख कागदावर काढला, तर तो तंबूसारखा दिसतो. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळसा घ्यायचा आणि त्याच वाटेने खाली यायचं. एकवीस किलोमीटरांतला पहिला निम्मा चढ, दुसरा निम्मा उतार.

पुण्याच्या धावपटूला सरावासाठी सिंहगड आहे, नाशिककरांना पांडवलेणी. अकोल्याचा, जळगावचा किंवा नवी मुंबईत पाम बीच रोडवर पळणारा माणूस मात्र महिनोन्‌महिने सपाटीवर घाम गाळतो आणि शर्यतीच्या दिवशी थेट घाटात उभा राहतो. त्याच्या गावात डोंगर नाही, पण चढ आहे. तो सिमेंटचा आहे, इतकंच.

[दृश्य: गावातला रेल्वे पूल, पहाटेची वेळ. कॅमेरा चढाच्या पायथ्याशी, रस्त्याला टेकलेला.]

निवेदन:
उड्डाणपुलाचा चढ मनाला येईल तसा ठेवत नाहीत. खालून ट्रक जायला साधारण साडेपाच मीटर मोकळी उंची लागते. त्यावर गर्डर आणि रस्त्याचा थर धरला, की माथा जमिनीपासून साधारण आठ मीटरवर येतो. रेल्वेवरचा पूल विजेच्या तारांमुळे थोडा जास्तच उंच असतो. वर जाणारा रस्ता बऱ्याच ठिकाणी तीसास एक या हिशेबाने बांधतात, म्हणजे तीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. आठ मीटर उंचीला दोनशे चाळीस मीटर लांबीचा चढ झाला, म्हणजे 3.3 टक्के.

साताऱ्याची एकूण चढाई हिशेबासाठी 300 मीटर धरू. दहा किलोमीटरांत 300 मीटर म्हणजे सरासरी 3 टक्के, जवळजवळ आपल्या पुलाइतकीच. फक्त ती सारखी वाटलेली नसते. शहरातला रस्ता सौम्य असतो आणि घाटात आकडा 5-6 टक्क्यांवर जातो, असं धरून तयारी करावी.

पण 300 मीटर चढायला आठ मीटरचा पूल सदतीस-अडतीस वेळा चढावा लागेल. ते कुणी करू नये. कंटाळा येईल हे आहेच, पण मुख्य म्हणजे दर दीड मिनिटाला चढ संपतो आणि दम परत मिळतो. घाटात तो मिळत नाही. म्हणून लांब चढाची सवय पुलावर होत नाही, ती दुसरीकडे करावी लागते.

[दृश्य: जिम. ट्रेडमिलचा पुढचा भाग हळूहळू वर उचलला जातो.]

निवेदन:
ट्रेडमिलवरचा चढ संपत नाही. 5 टक्के इन्क्लाइन आणि ताशी 8 किलोमीटर वेग लावला, की पंचेचाळीस मिनिटांत 6 किलोमीटर होतात आणि पाय 300 मीटर चढलेले असतात. घाटच तो, समोर दरीऐवजी टीव्ही आहे एवढंच.

ताशी 8 हा वेग का घेतला? व्यायामशास्त्रात पळण्याला किती ऑक्सिजन लागतो याचं एक जुनं सूत्र आहे. त्याप्रमाणे सपाटीवर ताशी 10 ने पळायला जितकी ताकद लागते, जवळपास तितकीच 5 टक्के चढावर ताशी 8 ला लागते. म्हणजे सपाटीवर सहा मिनिटांत किलोमीटर करणाऱ्याने घाटात साडेसात मिनिटं लागली तर घाबरायचं नाही. तो तितकीच मेहनत करतोय. ज्याला हे माहीत नसतं तो घड्याळातला पेस पाहून जोर लावतो आणि निम्म्या घाटात चालायला लागतो.

पहिल्याच दिवशी पंचेचाळीस मिनिटं करू नयेत. सुरुवात दहा-दहा मिनिटांच्या तीन तुकड्यांनी करावी, मध्ये दोन मिनिटं सपाट चालणं. त्यातही 200 मीटर चढाई होते. तीन-चार आठवड्यांत वीस मिनिटांचे दोन तुकडे जमले पाहिजेत. ते शेवटच्या मिनिटाला तुटक बोलता येईल इतक्याच दमात व्हायला हवेत. बोलताच येत नसेल तर वेग कमी करा, चढ तसाच ठेवा.

[दृश्य: ट्रेडमिलच्या पट्ट्याशेजारी टेप घेऊन वाकलेला माणूस. एकीकडे दांडा घट्ट धरून पळणारा दुसरा.]

निवेदन:
इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, यंत्राचा आकडा. काही ट्रेडमिलवर "लेव्हल 5" लिहिलेलं असतं आणि ते 5 टक्के असेलच असं नाही. मोजणं सोपं आहे. यंत्र थांबवून पट्ट्याच्या कडेला एक मीटर अंतरावर दोन खुणा करायच्या आणि दोन्हींची जमिनीपासून उंची घ्यायची. पुढची खूण 18 सेंटिमीटरवर आणि मागची 13 वर असेल, तर फरक पाचाचा, म्हणजे 5 टक्के. फरशी सपाट आहे ना, तेवढं आधी बघा. मोबाइलच्या लेव्हलने मोजणार असाल तर तो अंश दाखवतो, टक्के नाही. 5 टक्के म्हणजे जेमतेम तीन अंश. पाच अंशांचा चढ लावून बसलात तर तो जवळपास 9 टक्के होतो, आणि पोटऱ्या दोन दिवस तो विसरू देत नाहीत.

दुसरी फसगत हातांची. दम लागला की माणूस समोरचा दांडा धरतो आणि मागे झुकतो. शरीर पट्ट्याला काटकोनात आलं, की चढ बराचसा नावापुरता उरतो. आकडा 8 टक्के दाखवत राहतो, पण नाडी खाली येते. दांडा धरावासा वाटला तर चढ किंवा वेग कमी करायची वेळ झाली.

ट्रेडमिलवर कायम 1 टक्का लावा, असा सल्ला सगळ्यांनी ऐकला असेल. त्याचं मूळ 1996 च्या एका अभ्यासात आहे. घरात वाऱ्याचा विरोध नसतो, तो 1 टक्का चढाने भरून निघतो, असं त्यात दिसलं. पण मोजलेले वेग ताशी साडेदहा किलोमीटर आणि त्यापुढचे होते. ताशी 8 ने चढणाऱ्याला वारा फारसा अडवतच नाही, म्हणून आपल्या 5 टक्क्यांत आणखी एक मिळवायची गरज नाही.

[दृश्य: पुन्हा पूल. या वेळी कॅमेरा माथ्यावरून खाली पाहतो.]

निवेदन:
आता तंबूची दुसरी बाजू. बहुतेक ट्रेडमिल फक्त चढ देतात. साताऱ्यात वळसा घेतल्यावर मात्र उरलेलं बहुतेक अंतर उतार असतो, आणि तिथे दम नाही, मांड्या संपतात.

उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराला ब्रेक लावतो. तो ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि या प्रकारच्या कामाने स्नायूत बारीक इजा होते. दुखणं त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. यात चांगली गोष्ट अशी, की स्नायूला एकदा असा मार मिळाला, की पुढचे काही आठवडे तो तेवढ्याच माराने कमी दुखावतो. म्हणजे उताराची तयारी थोड्या सरावातही होते. पण तो सराव करायला उतार हवा, आणि सपाट गावात तो फक्त पुलावर मिळतो.

बरेच जण पुलावर जोरात चढतात आणि खाली येताना रेंगाळतात, कारण उतार म्हणजे विश्रांती. चढाचा व्यायाम म्हणून त्यात काही चूक नाही, पण मांड्यांना त्यातून काही मिळत नाही. म्हणून एका दिवसाचे दोन भाग करावेत.

पंधरा मिनिटं सपाट पळून अंग गरम झालं, की पहिल्या सहा फेऱ्या चढाच्या. दोनशे चाळीस मीटर सव्वा मिनिटाच्या आसपास, शेवटी दम लागेल पण पाय वेडेवाकडे पडणार नाहीत अशा जोरात. खाली सावकाश. मग चार फेऱ्या उलट्या करायच्या. वर अगदी हळू, हवं तर चालत, आणि खाली शर्यतीच्या वेगाने. पावलं छोटी आणि भराभर, पाय शरीराच्या फार पुढे टेकू द्यायचा नाही, पाठ मागे टाकायची नाही. टाचेचा आपट-आपट आवाज आला, तर तुम्ही पळत नाही, ब्रेक मारताय.

[दृश्य: जिना उतरणारे पाय.]

निवेदन:
दोन दिवसांनी जिना उतरताना मांड्या किती बोलतात ते बघायचं. पुढच्या आठवड्यात त्याच चार फेऱ्यांनंतर त्या कमी बोलल्या, तर सहा करा. तितक्याच बोलल्या, तर चारच ठेवा. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेमागची शीर आखडलेली वाटत असेल, तर ती तक्रार चढाची आहे. तेव्हा ट्रेडमिलचं इन्क्लाइन आधी कमी करायचं.

[दृश्य: सोसायटीच्या तळघरातला पार्किंगचा रॅम्प.]

निवेदन:
पार्किंगच्या रॅम्पबद्दल सारखं विचारलं जातं. हे रॅम्प दहास एक ते आठास एक असतात, म्हणजे 10 ते साडेबारा टक्के, आणि तीन मीटरचा मजला पंचवीस-तीस मीटरांत संपतो. आठ-दहा सेकंदांच्या धावेला ठीक, घाटाच्या तयारीला नाही. त्यात गुळगुळीत काँक्रीट आणि वळणावरून येणारी गाडी. मी तरी तो जमेत धरत नाही.

[दृश्य: पावसात चकाकणारा पूल, मधली लोखंडी पट्टी.]

निवेदन:
साताऱ्याची शर्यत पावसाळ्यात असते, म्हणजे तयारीही जून ते ऑगस्टमध्येच. पुलाच्या सांध्यांवरची लोखंडी पट्टी ओली झाली की पाय सटकतो, आणि उतारावर वेगात असताना तर नक्कीच. तिथे पाऊल पट्टीच्या अलीकडे किंवा पलीकडे. अनेक फ्लायओव्हरवर पायी जायला बंदीच असते, त्यामुळे फुटपाथ असलेला रेल्वे पूलच शोधावा. माथ्यापलीकडून येणारं वाहन शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, म्हणून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळायचं आणि अंगावर चमकणारी पट्टी हवीच.

घड्याळातली चढाई पुलावर शून्य दिसली तर वाईट वाटून घेऊ नका. ज्या घड्याळात हवेचा दाब मोजायची सोय नसते, त्याची उंची बऱ्याचदा नकाशातून घेतलेली असते, आणि नकाशाला पूल नाही, त्याखालची जमीन माहीत असते. फेऱ्या मोजा आणि आठने गुणा.

आठवड्यात एक दिवस ट्रेडमिलचा, एक दिवस पुलाचा, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. शर्यतीआधी साधारण दोन आठवडे उताराच्या फेऱ्या शेवटच्या, कारण त्यांचं दुखणं घेऊन घाटात उभं राहायचं नसतं. ट्रेडमिलवरचा एक हलका दहा मिनिटांचा चढ शेवटच्या आठवड्यातही चालतो.